अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवायच्या आधी चार प्रश्न: एका ज्युनियरच्या पेपरवरून

पुण्यात इंजिनिअरिंग करणाऱ्यांना हे माहितीये की शेवटच्या वर्षाच्या दुसऱ्या सेमिस्टरला प्रोजेक्टवर कॉन्फरन्स पेपर करायचा असतो, गाईड सांगतात डेडलाईन या शुक्रवारी आहे, मग चौघं मिळून पेपर लिहितात आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट सगळ्यात शेवटी अर्ध्या तासात उरकतात. मी इथेच पीएचडी करतेय, लॅबमधल्या ज्युनियर्सचे अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचून द्यायचं काम बऱ्याचदा माझ्याकडे येतं. पहिल्यांदा पेपर पाठवणाऱ्यांसाठी एकाच अ‍ॅबस्ट्रॅक्टचं काय काय केलं ते सविस्तर लिहिते. त्या ज्युनियरला विचारून लिहितेय, आकडे मात्र थोडे बदललेत.

आधी एक गोष्ट. बऱ्याच कॉन्फरन्समध्ये रिव्ह्यूअर लोक कुठला पेपर वाचायला घ्यायचा हे नुसतं टायटल आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट बघून ठरवतात, पूर्ण पेपर तेव्हा त्यांच्यासमोर नसतो, काही ठिकाणी तर अ‍ॅबस्ट्रॅक्ट आठवडाभर आधीच जमा करावा लागतो. म्हणजे तो गोल गोल लिहिला असेल तर ज्याला तुमचा विषय खरंच कळतो त्याच्याकडे पेपर जातच नाही, आणि मग रिव्ह्यू येतात ते पण तसेच वरवरचे.

प्रोजेक्ट असा होता: हवेतले बारीक कण, म्हणजे पीएम २.५, मोजणारा दोनेक हजारांचा छोटा सेन्सर, ईएसपी३२ बोर्डला जोडलेला, असे दोन सेन्सर शहरातल्या एका मॉनिटरिंग स्टेशनच्या गच्चीवर महागड्या यंत्राशेजारी जानेवारी ते मार्च ठेवले आणि स्वस्त सेन्सरचं रीडिंग मॉडेल वापरून दुरुस्त केलं. चांगलं काम, तीन महिने रोज जाऊन बघितलेलं. अ‍ॅबस्ट्रॅक्ट मात्र असा होता (मूळ इंग्रजीत, इथे मराठीत सांगते):

> वायुप्रदूषण ही आज जगापुढची गंभीर समस्या आहे. आयओटी आणि मशीन लर्निंगमुळे अनेक क्षेत्रांत क्रांती झाली आहे. पीएम २.५ आरोग्याला घातक आहे. या पेपरमध्ये आम्ही एक नावीन्यपूर्ण स्मार्ट सिस्टीम मांडतो. सिस्टीममध्ये कमी खर्चाचा सेन्सर, क्लाऊड आणि रँडम फॉरेस्ट वापरले आहे. ९४% अ‍ॅक्युरसी मिळाली असून ती सध्याच्या पद्धतींपेक्षा सरस आहे. ही सिस्टीम स्मार्ट सिटीसाठी उपयुक्त ठरेल.

मी काय करते, तर प्रिंट काढते आणि प्रत्येक वाक्यासमोर मार्जिनमध्ये एकच शब्द लिहिते: प्रॉब्लेम, पद्धत, रिझल्ट किंवा मर्यादा. ज्या वाक्याला चारपैकी काहीच लागू होत नाही तिथे रेघ. इथे पहिल्या तिन्ही वाक्यांसमोर रेघ, चौथ्यासमोर रेघ, शेवटच्यासमोरही रेघ. सातातली पाच वाक्यं गेली. मर्यादा हा शब्द कुठेच लिहिता आला नाही. हे एवढं केलं की पुढे भांडण होत नाही, समोरच्याला स्वतःलाच दिसतं.

मग प्रॉब्लेम. मी त्याला म्हटलं, "वायुप्रदूषण हा तुझा प्रॉब्लेम नाहीये, तू प्रदूषण कमी केलेलं नाहीस. तुझ्या सेन्सरचं काय चुकत होतं ते सांग." तो म्हणाला, "ताई, पहाटे दमटपणा वाढला की सेन्सर खूप जास्त दाखवतो." हे त्याच्या पेपरमध्ये होतं, पण तिसऱ्या पानावर. कारणही त्याला नीट माहिती होतं: हा सेन्सर कणांवर लेझरचा उजेड पाडून किती उजेड विखुरला ते मोजतो, हवेतल्या क्षारांचे कण दमट हवेत पाणी धरून फुगतात, फुगलेला कण जास्त उजेड विखुरतो, आणि सेन्सरला वाटतं धूळच जास्त आहे. महागडं यंत्र हवा आत घेतानाच गरम करून सुकवतं म्हणून तिथे हा घोळ बराच कमी होतो. बस, हाच प्रॉब्लेम, आणि तो एका वाक्यात बसतो. माझा ठोकताळा असा की प्रॉब्लेमचं वाक्य दुसऱ्या कुणाच्या पेपरला जसंच्या तसं चिकटवता आलं तर ते तुमचं वाक्य नाही.

पद्धतीच्या वाक्यात सगळे लोक पार्ट्सची यादी देतात, बोर्ड कुठला, क्लाऊड कुठला, अल्गोरिदम कुठला. वाचणाऱ्याला हवं असतं ते वेगळंच: कशाची तुलना कशाशी केली, कुठे, किती काळ, आणि मॉडेल कुठल्या डेटावर तपासलं. यातला शेवटचा प्रश्न मी नेहमी विचारतेच. त्याने तासाच्या सरासरीचा सगळा डेटा एकत्र करून रँडमली ८०–२० असा तोडला होता. आता विचार करा, सकाळी सातचं रीडिंग ट्रेनिंगमध्ये, आठचं टेस्टमध्ये, नऊचं परत ट्रेनिंगमध्ये. हवा तासाभरात फार बदलत नाही, त्यामुळे मॉडेलला आठचं उत्तर शेजारच्या तासांवरून जवळजवळ कळलेलंच असतं. असा टेस्टचा आकडा छान येतो आणि त्यावर विश्वास ठेवता येत नाही. हे पेपरमध्ये कुठेतरी "डेटा ८०–२० विभागला" एवढ्या तीन शब्दांत लपून गेलं होतं, अ‍ॅबस्ट्रॅक्टसाठी "मॉडेल अमुक डेटावर तपासलं" असं सरळ वाक्य लिहायला बसलो तेव्हाच समोर आलं. त्याने मग बारा आठवड्यांतला दर चौथा आठवडा अख्खा बाजूला ठेवून परत रन केलं. दोन दिवस गेले, डेडलाईन जवळ होती, पण मला वाटतं ते दोन दिवस त्या पेपरमधले सगळ्यात कामाचे होते.

आता रिझल्ट, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. "९४% अ‍ॅक्युरसी" म्हणजे काय? मॉडेल एक आकडा सांगतंय, मांजर की कुत्रा असं काही ओळखत नाहीये, मग टक्के कशाचे? विचारल्यावर कळलं की ते आर-स्क्वेअर ०.९४ होतं, त्यालाच शंभराने गुणून अ‍ॅक्युरसी म्हटलेलं. हे प्रकरण मी इतक्या अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये बघितलंय की आता टक्क्याचं चिन्ह दिसलं की आधी हेच विचारते. आर-स्क्वेअर ०.९४ असूनही रीडिंग सगळीकडे वीस-वीसने जास्त असू शकतं, आर-स्क्वेअर कसा काढलाय त्यावर आहे, काहीजण नुसता कोरिलेशनचा वर्ग देतात आणि त्यात असा कायमचा फरक दिसतच नाही. त्यापेक्षा सरासरी चूक किती मायक्रोग्रॅमची ते सांगा. आपल्याकडे पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, त्यामुळे चूक २४ ची की १० ची हे वाचणाऱ्याला लगेच समजतं.

दुसरं, "सध्याच्या पद्धतींपेक्षा सरस" म्हणजे कुठल्या? त्याने तुलना फक्त दुरुस्त न केलेल्या सेन्सरशी केली होती. मी म्हटलं साधं लिनिअर समीकरण लाव, रीडिंग आणि आर्द्रता एवढे दोनच इनपुट, आणि तेही त्याच आठवड्यांवर तपास. आकडे आले ते असे: काहीच दुरुस्ती नसताना चूक २४, साध्या समीकरणाने १२, रँडम फॉरेस्टने १०. आणि जुन्या रँडम तोडीवर रँडम फॉरेस्टचा आकडा होता ५. त्याचा चेहरा पडला, कारण १२ वरून १० ही काही मोठी उडी नाही. पण माझ्या मते पेपर इथे जास्त चांगला झाला, कारण ज्याला खरंच असे सेन्सर लावायचेत त्याला कळलं की साधं समीकरण जवळपास तेवढंच काम करतं आणि ते बोर्डवरच चालतं, क्लाऊडची गरज नाही.

मर्यादेचं वाक्य लिहायला सगळे घाबरतात, वाटतं रिव्ह्यूअर तेच पकडून रिजेक्ट करेल. मग त्याऐवजी शेवटी फ्यूचर स्कोप टाकतात: "पुढे ही सिस्टीम पावसाळ्यातही तपासली जाईल." हे मर्यादा सांगणं नाही, हा पुढचा बेत झाला. मर्यादा म्हणजे हा रिझल्ट कुठपर्यंत खरा मानायचा ते. इथे डेटा जानेवारी ते मार्चचा, ७५ टक्क्यांवर आर्द्रता फक्त काही पहाटे गेली, सेन्सर दोनच आणि जागा एक. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये दिवसच्या दिवस हवा दमट असते, तिथे हे समीकरण चालेल असं म्हणायला आधार नाही. ज्या दमटपणामुळे प्रॉब्लेम सुरू झाला त्याचाच डेटा कमी आहे, हे रिव्ह्यूअरला दुसऱ्या पानावर दिसणारच आहे, आधी तुम्ही सांगितलेलं बरं.

शेवटी अ‍ॅबस्ट्रॅक्ट असा झाला:

> उजेडाच्या विखुरण्यावर चालणारे स्वस्त पीएम २.५ सेन्सर दमट हवेत प्रत्यक्षापेक्षा जास्त रीडिंग देतात. असे दोन सेन्सर पुण्यातील एका मॉनिटरिंग स्टेशनवर संदर्भ यंत्राशेजारी जानेवारी ते मार्च या काळात ठेवले, आणि तासाच्या सरासरीवर आर्द्रतेसह लिनिअर समीकरण व रँडम फॉरेस्ट अशा दोन दुरुस्त्या तपासल्या. तपासणीसाठी दर चौथा आठवडा पूर्णपणे वेगळा ठेवला. सरासरी चूक २४ वरून लिनिअर समीकरणाने १२ आणि रँडम फॉरेस्टने १० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर झाली. ७५ टक्क्यांपेक्षा जास्त आर्द्रतेची निरीक्षणे कमी असल्याने हे निष्कर्ष पावसाळ्याला लागू करता येत नाहीत.

पाच वाक्यं, आधीपेक्षा दोन कमी. क्रम बदलून बघा, २४ वरून १० हे पहिल्याच वाक्यात टाकलं तर कशाचे २४ आणि कुणाशी तुलना ते कळत नाही, वाचणाऱ्याला खाली जाऊन परत वर यावं लागतं. काही जण म्हणतात रिझल्ट आधी दिला की लक्ष वेधलं जातं, मला अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये ते पटत नाही, लक्ष वेधायचं काम टायटलवर सोडावं.

अपलोड करायच्या आधी अजून तीन कामं. अ‍ॅबस्ट्रॅक्टमधला प्रत्येक आकडा पेपरच्या पीडीएफमध्ये Ctrl+F करून शोधायचा, टेबलमध्ये तोच आकडा त्याच युनिटमध्ये सापडला पाहिजे, कारण शेवटच्या रात्री टेबल बदलतं आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट जुनाच राहतो. आणि आयईईईचं कॉन्फरन्स टेम्प्लेट असेल तर त्यात स्पष्ट लिहिलंय की टायटल आणि अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये चिन्हं, तळटीपा, गणित टाकू नका, ते पाळा. तिसरं म्हणजे वेगळ्या ब्रँचच्या मित्राला फक्त अ‍ॅबस्ट्रॅक्ट द्या, वाचून झाल्यावर कागद परत घ्या आणि चार प्रश्न विचारा: काय बिघडलं होतं, यांनी काय केलं, किती फरक पडला, कुठे चालणार नाही. आमच्याकडे सिव्हिलच्या एका मुलीला दिला होता, तिने पहिल्या तिन्हींची उत्तरं बरोबर दिली आणि चौथ्याला म्हणाली "पावसाळ्यात", मग आम्ही सबमिट केला.