घरात सगळ्यांना सर्दी आणि कुत्राही खोकतोय: अशा वेळी काय करावे?

पाऊस सुरू झाला की ठाण्यात आणि नवी मुंबईत घरटी एक तरी माणूस शिंकत असतो. त्याच आठवड्यात घरातला कुत्राही खोकू लागला की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं, "आपलीच सर्दी लागली बिचाऱ्याला." तसं सहसा नसतं. आपली नेहमीची सर्दी बहुतेक वेळा ऱ्हायनोव्हायरसमुळे होते. हा विषाणू माणसाच्या नाकातल्या पेशींना चिकटण्यासाठी घडलेला आहे, कुत्र्या-मांजरांमध्ये तो जम बसवत नाही. म्हणून कुत्रा खोकत असेल तर त्याचं कारण दुसऱ्या कुत्र्याकडे शोधावं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

याला अपवाद आहेत. खरा फ्लू आणि कोविड माणसाकडून प्राण्याला होऊ शकतात. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत अमेरिकेत घरातल्या आजारी माणसांकडून मांजरांना लागण झाल्याची नोंद आहे, आणि कोविडही घरच्या मांजरांना व कुत्र्यांना झाला आहे. तेव्हा तुम्हाला सणकून ताप आणि अंगदुखी असेल तर थोडे दिवस प्राण्याला तोंड चाटू देऊ नका, शेजारी झोपवू नका आणि त्याचं खाणंपिणं घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बघू द्या.

कुत्र्यांचा स्वतःचा फ्लू ही वेगळी गोष्ट आहे. त्याचे दोन प्रकार माहीत आहेत. एच३एन८ हा मुळात घोड्यांचा विषाणू. २००४ मध्ये फ्लोरिडातल्या शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांमध्ये तो सापडला. एच३एन२ पक्ष्यांकडून कुत्र्यांत आला, आधी कोरिया आणि चीनमध्ये दिसला आणि २०१५ मध्ये शिकागोत त्याची मोठी साथ आली. या दुसऱ्या प्रकाराची लागण मांजरांनाही झाली आहे. कुत्र्यांच्या फ्लूची माणसाला लागण झाल्याचं मात्र आजवर आढळलेलं नाही, त्यामुळे घरात लहान मूल आहे म्हणून आजारी कुत्र्याला घराबाहेर काढायची गरज नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, नेरुळमधलं एक कुटुंब गणपतीला कोकणात गेलं आणि चार वर्षांच्या लॅब्रॅडॉरला पाच दिवस बोर्डिंगमध्ये ठेवलं. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी तो कोरडा, ठसकेदार खोकू लागला. खोकून झालं की उबळ येते आणि थोडा पांढरा फेस पडतो. बहुतेकांना वाटतं, घशात हाड अडकलं.

पहिलं काम म्हणजे मागच्या दोन आठवड्यांची उजळणी. बोर्डिंग, ग्रूमिंग, सोसायटीत नवं पिल्लू, खाली भटक्या कुत्र्यांबरोबर एका भांड्यात पाणी, यातलं काय काय झालं? फ्लूची लक्षणं लागणीनंतर साधारण दोन ते चार दिवसांत दिसतात, केनेल कफला, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याला, थोडे जास्त दिवस लागू शकतात. इथे बोर्डिंगचा धागा सरळ जुळतो. लसीकरणाचं कार्डही काढून ठेवा. पिल्लू असेल किंवा लसी राहिल्या असतील, आणि डोळ्यांतून-नाकातून घट्ट पिवळट स्राव येत असेल, तर डिस्टेंपर या कुत्र्यांच्या गंभीर विषाणूजन्य आजाराची शंका आधी घ्यावी लागते. त्यात पुढे झटके येऊ शकतात, म्हणून तिथे वाट पाहत बसू नये.

दुसरं काम, तीन गोष्टी मोजून कागदावर लिहिणं. कुत्र्यासाठी वेगळा डिजिटल थर्मामीटर ठेवा, टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून ताप बघा. कुत्र्याचं साधारण तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्या हाताला तो नेहमीच गरम लागणार. नाक कोरडं की ओलं यावरून ताप कळत नाही. १०३ च्या वर गेलं तर डॉक्टरांना फोन करा. मग तो गाढ झोपलेला असताना छाती किती वेळा वर येते ते अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. तीसच्या आत असेल तर ठीक. पुन्हा पुन्हा जास्त भरत असेल तर त्याच दिवशी दाखवा. तिसरी गोष्ट खाणं. खोकतोय पण ताटली चाटूनपुसून साफ करतोय, हे चांगलं लक्षण. हिरड्या निळसर किंवा पांढरट दिसल्या, मान लांब करून श्वास घेऊ लागला, तर रात्र असली तरी निघावं.

फ्लू आणि केनेल कफ नुसत्या खोकल्यावरून वेगळे ओळखता येत नाहीत, कसलेल्या डॉक्टरलाही नाही. खात्री हवी तर नाका-घशाचा स्वॅब घेऊन पीसीआर तपासणी करावी लागते, तीही पहिल्या तीन-चार दिवसांत केलेली बरी. बहुतेक कुत्रे विश्रांती, पाणी आणि चांगल्या देखभालीवर दोन-तीन आठवड्यांत बरे होतात. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. ते न्यूमोनियासारखा जिवाणूसंसर्ग झाला तर लागतं आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

तिसरं काम सगळ्यात जास्त टाळलं जातं: वेगळं ठेवणं. एच३एन२ झालेला कुत्रा तीन आठवड्यांहून जास्त काळ विषाणू बाहेर टाकत राहू शकतो, खोकला थांबल्यावरसुद्धा. म्हणून फ्लूची शंका असेल तर चार आठवडे बागेत, ग्रूमिंगला किंवा बोर्डिंगला नेऊ नका. फ्लॅटमध्ये राहताना खाली न्यावंच लागतं, तर लिफ्ट रिकामी असताना न्या, गळपट्ट्याऐवजी हार्नेस लावा म्हणजे घशावर ताण येणार नाही. दवाखान्यात जाण्यापूर्वी फोन करून सांगा आणि आत बोलावेपर्यंत बाहेर गाडीत किंवा रिक्षात थांबा. विषाणू कपड्यांवर दिवसभर आणि वस्तूंवर दोन दिवस टिकू शकतो, पण साबणाने तो मरतो. त्यामुळे भांडी आणि हात साबणाने धुवा. आणि हो, बोर्डिंगवाल्यांनाही कळवा. तिथे ठेवलेल्या बाकीच्या कुत्र्यांच्या घरी त्यांनाच फोन करता येतो.

आता कळकळीची विनंती: घरातली सर्दीची गोळी प्राण्याला देऊ नका. या गोळ्यांत बहुधा पॅरासिटॅमॉल असतं. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि किडनी निकामी होऊ शकते. चुकून गोळी पोटात गेली तर लक्षणांची वाट न पाहता पाकीट घेऊन दवाखाना गाठा. छातीला बाम, कापराची वाफ, निलगिरी तेल हेही नको. मांजर असलेल्या घरात फिनाईलनं लादी पुसणंही टाळा, कारण ती पंजे चाटते.

मांजर शिंकत असेल तर कारण बहुधा तिच्याच जातीचे हर्पीस किंवा कॅलिसी विषाणू असतात. तिथे खोकल्यापेक्षा जेवणाकडे लक्ष द्या. नाक चोंदलं की वास येत नाही आणि वास आला नाही की मांजर खात नाही. नाकावरचा स्राव कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं पुसा. गरम पाण्याचा शॉवर सोडून वाफ भरलेल्या बाथरूममध्ये तिला दहा मिनिटं घेऊन बसा, पाण्यात काहीही न टाकता. मग मासळी किंवा चिकन थोडं कोमट करून समोर ठेवा. एवढं करूनही चोवीस तासांत तिनं तोंड लावलं नाही तर डॉक्टरांकडे न्या, कारण उपाशी राहिलेल्या मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या यकृतात काही दिवसांतच चरबी साचू लागते.