स्कॅनमधला टेबल एक्सेलमध्ये घेताय? आधी पान आणि ओळीचे कॉलम टाका

जुन्या जनगणना हँडबुकातले गावांचे टेबल एक्सेलमध्ये घेताना मी सुरुवातीलाच तीन जादा कॉलम ठेवते, इमेज नंबर, छापील पान नंबर आणि त्या पानावरची ओळ. इमेज आणि पान वेगळे का, तर मुखपृष्ठ, नकाशे वगैरेमुळे इमेज 0057 वर छापील पान 40 असतं आणि नुसतं 57 लिहिलं की नंतर दुसराच माणूस भलतंच पान उघडून बसतो. ओळ मोजताना हेडिंग सोडायचं, पण तालुक्याच्या एकूण बेरजेची ओळ मोजायचीच, नाहीतर तिच्याखालचं सगळं एकाने सरकतं.

टेबल समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलं असेल, म्हणजे डावीकडे गाव नि लोकसंख्या आणि उजवीकडे साक्षर, तर उजव्या इमेजचा कॉलम वेगळा ठेवा, म्हणजे कुठलाही सेल शोधता येतो.

आणि हो, ओळ नंबर =ROW()-1 सारख्या फॉर्म्युल्याने भरला असेल तर कॉपी करून पेस्ट व्हॅल्यूज करा, तेही सॉर्ट करायच्या आधी, कारण सॉर्ट केलं की फॉर्म्युला नवीन जागेचा नंबर दाखवतो. साक्षरांचा आकडा लोकसंख्येपेक्षा जास्त दिसला की मी या कॉलममध्ये बघून थेट ती जागा, उदाहरणार्थ इमेज 0058, ओळ 17, उघडते, बहुतेक वेळा 3 चा 8 झालेला असतो.