मीटिंगमध्ये बोलायची भीती वाटते? आधी पहिलं मिनिट सांभाळा

आपली पाळी जवळ आली की छातीत धडधड, घसा कोरडा, आणि समोरचा काय बोलतोय ते डोक्यात शिरतच नाही, हे भल्याभल्यांचं होतं. पण ही धडधड सगळ्यात जास्त असते ती बोलायच्या तोंडावर आणि सुरुवातीच्या एक-दोन मिनिटांत, नंतर बहुतेकांची आपोआप उतरायला लागते. म्हणून खरी तयारी पहिल्या मिनिटाची करायची. बरेच जण नेमकं उलटं करतात, रात्री उशिरापर्यंत स्लाइड्स सजवतात आणि सुरुवात "हॅलो, तर आज मी..." वर सोडून देतात.

समजा सोमवारी रिव्ह्यू मीटिंगमध्ये नाशिकच्या गोडाऊनवर पाच मिनिटं बोलायचंय. पहिली दोन वाक्यं शब्दन्‌शब्द लिहून काढा: "गेल्या महिन्यात नाशिकहून ४२ तक्रारी आल्या, त्यातल्या ३० उशिरा पोचलेल्या मालाच्या. उशीर का होतोय आणि काय करता येईल ते सांगते." ही उभं राहून, मोठ्याने म्हणायची, मनात वाचून काही उपयोग नाही, तोंडाला सवय व्हायला हवी. एवढंच पाठ करा. सगळं भाषण पाठ केलं की मधला एक शब्द सटकला तरी पुढचं सगळं गायब होतं (शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धा आठवा). बाकीच्यासाठी एका छोट्या जाड कार्डावर तीनच शब्द: ट्रक, शनिवार, उपाय. ए-फोर कागद नको, हात थरथरला की तो फडफडतो आणि मग आपलंच लक्ष तिकडे जातं.

आवाज कापतो तो बहुतेकदा श्वास वरच्यावर चालल्यामुळे. मोठा श्वास घ्या असं सगळे सांगतात, पण भर सोडण्यावर द्या: पाळी यायच्या आधी बसल्याजागी चार मोजत आत आणि सहा मोजत बाहेर, असं पाच-सहा वेळा. मग उभं राहा, एका ओळखीच्या चेहऱ्याकडे बघा आणि पहिलं वाक्य संपल्यावर चक्क थांबा, आपल्याला तो पॉज फार लांब वाटतो, ऐकणाऱ्यांना तो जाणवतही नाही. तसंच घाबरल्याचंही. साविट्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली दाखवलंय की बोलणाऱ्याला आपण जितके घाबरलेले दिसतोय असं वाटतं तितके ऐकणाऱ्यांना दिसत नाही. त्यामुळे "सॉरी, मी जरा नर्व्हस आहे" हे सांगूच नका, उगाच लोक मग तेच शोधत बसतात.

मध्येच ब्लँक झालात तर कार्ड बघा, शेवटचं वाक्य पुन्हा म्हणा, पुढे चला.

प्रेझेंटेशन नसेल तेव्हाही मीटिंगच्या पहिल्या पाच-दहा मिनिटांत एखादा साधा प्रश्न विचारून टाका, "ही तारीख फायनल आहे का?" एवढासुद्धा चालेल. गप्प बसून जितकं लांबवाल तितकं तोंड उघडणं जड जातं. आणि मित्राने दिलेली धडधड थांबवायची गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नका, दमा असेल तर त्यातल्या काही गोळ्या धोक्याच्या असतात.