कौलं परतायची राहिली आहेत: घरमालकांना दुसरी आठवण लिहिण्याआधी

समजा, तुम्ही रत्नागिरीत कौलारू घर भाड्याने घेतलं आहे, मालक मुंबईला असतात, मे उजाडला तरी कौलं परतलेली नाहीत आणि एप्रिलमध्ये पाठवलेल्या दोन्ही निरोपांना उत्तर नाही. दुसरी आठवण लिहायला बसण्याआधी ते जुने निरोप तारखांसकट काढून ठेवा. ते पोचले होते का, एवढं शेजारच्यांकडून किंवा मालकांच्या गावातल्या नातेवाइकांकडून विचारून घ्या. कित्येकदा नंबर बदललेला असतो किंवा घरात आजारपण असतं, आणि ते कळलं की पत्राचा सूर आपोआप मऊ होतो.

मग भर दुपारी आतून छपराकडे बघा. उजेडाचा कवडसा दिसेल तिथे कौल फुटलंय किंवा सरकलंय. मात्र पाणी ठिबकतं तिथेच गळती असते असं नाही. वरून शिरलेलं पाणी वाशावरून वाहत खाली येतं, म्हणून ओला डाग आढ्याच्या दिशेने वर वर शोधत जा. आढ्यावरच्या कोन्यांचा गिलावा तडकलाय का, वाशाला नख लावलं तर भुसा पडतो का, तेही बघा. वाळवी लागलेला वासा असेल तर नुसती कौलं परतून भागणार नाही, आणि खर्चाचा आकडाच बदलतो. प्रत्येक जागेचा एक जवळून, एक लांबून असा फोटो घ्या.

गावातल्या सुताराला दाखवून अंदाजे खर्च आणि तो कधी मोकळा आहे ते विचारा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. मालकांना लांबून माणूस शोधायचा कंटाळा येतो. नाव, आकडा आणि तारीख हातात मिळाली की फक्त ‘हो’ म्हणायचं उरतं. 7 जूनच्या सुमारास मृग लागतो, पुढे लावणीत गडी मिळत नाहीत आणि ओल्या, शेवाळलेल्या कौलांवर चढणं धोक्याचं.

पत्र छोटं ठेवा:

“नमस्कार काका, घरी सगळे बरे ना? छपराबद्दल एप्रिलमध्ये कळवलं होतं, कदाचित बघायचं राहिलं असेल. माजघरावरची कौलं फुटलीत आणि एक वासा वाळवीने गेलाय. फोटो आणि सुताराचा अंदाज सोबत पाठवतोय. तो 20 मेपासून मोकळा आहे. 14 तारखेपर्यंत कळवलंत तर त्याला पक्कं सांगतो. तुमचा दुसरा माणूस असेल तर तोही चालेल.”

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 जिथे लागू आहे, तिथे किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही मालकांनी वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. आपल्या गावाला तो लागू आहे का, हे वकिलांकडून समजून घ्या. या पत्रात मात्र त्याचा उल्लेख नको. 14 तारीख उलटली तर नोटीस वेगळी, पोस्टाने पाठवा.