वल्हांडणाच्या ताटाचा तक्ता: तिसरी-चौथीच्या मुलांसाठी कसा तयार करावा

वल्हांडण म्हणजे ज्यूंचा पेसाह. हा सण साधारण मार्च-एप्रिलमध्ये येतो. पहिल्या रात्री घरातली सगळी माणसं एका मेजाभोवती बसतात आणि इजिप्तच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची गोष्ट ठरलेल्या क्रमाने वाचतात. या जेवणाला सेदेर म्हणतात, आणि जे पुस्तक वाचतात ती हग्गादा. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंसाठी मराठी भाषांतरासह हग्गादा मुंबईत 1846 मध्येच छापली गेली होती. त्यामुळे ही गोष्ट मराठीत सांगण्याची वाट जुनी आहे.

मेजावरच्या ताटातले पदार्थ म्हणजे त्या गोष्टीच्या खुणा. मुलांकडून त्यांचा तक्ता करून घेताना बहुतेक ठिकाणी दोनच रकाने आखतात, ‘वस्तू’ आणि ‘अर्थ’. मग मुलं जोड्या पाठ करतात आणि आठवड्याने त्या उलटसुलट होतात. म्हणून तीन रकाने आखा आणि मधल्याला ‘जीभ किंवा डोळा काय सांगतो?’ असं नाव द्या. पदार्थ आणि प्रसंग यांना जोडणारा धागा तिथेच असतो.

1. आधी गोष्ट, तीही थोडक्यात

तक्ता आखण्यापूर्वी दहा मिनिटांत गोष्ट सांगा. इस्राएली लोक इजिप्तमध्ये गुलाम होते. राजा फारो त्यांच्याकडून विटा पाडून घेई, शहरं बांधून घेई. मोशे फारोकडे गेला आणि म्हणाला, ‘माझ्या लोकांना जाऊ दे.’ फारो ऐकेना. इजिप्तवर एकामागून एक दहा संकटं आली. शेवटच्या रात्री इस्राएली लोकांनी कोकराचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं आणि ते संकट त्यांची घरं ओलांडून गेलं. फारोने त्यांना जायला सांगितलं, आणि ते इतक्या घाईने निघाले की भिजवलेली कणीक फुगायलाही वेळ मिळाला नाही.

दहावं संकट म्हणजे इजिप्तमधल्या घराघरातल्या थोरल्या मुलाचा मृत्यू. चौथीच्या वर्गाला हे सरळ सांगता येतं. लहानांना ‘सगळ्यात कठीण संकट’ एवढं पुरे. पण इजिप्तच्या माणसांचं दुःख गाळू नका. सेदेरमध्ये दहा संकटांची नावं घेताना प्रत्येक नावाला द्राक्षारसाचा एकेक थेंब पेल्यातून बाहेर काढतात. दुसऱ्यांच्या दुःखामुळे आपला आनंदाचा पेला तेवढा कमी भरलेला, असा त्याचा अर्थ सांगतात. मुलांना तो लगेच कळतो.

2. ओळी गोष्टीच्या क्रमाने लावा

ताटावर पदार्थ गोल मांडलेले असतात आणि मांडणी घरोघरी थोडी बदलते. काही ताटांत पाच जागा असतात, काहींत सहा, कारण कडू पाला दोनदा ठेवतात. तक्त्यात मात्र गोष्टीचा क्रम धरा, म्हणजे वरून खाली वाचलं की गोष्ट पुन्हा सांगून होते.

| वस्तू | जीभ किंवा डोळा काय सांगतो? | कोणता प्रसंग आठवतो? |
|---|---|---|
| मारोर (कडू पाला किंवा तिखट मूळ) | कडू, झोंबणारं | गुलामगिरीचे कडू दिवस |
| हारोसेत (फळं-सुकामेव्याचा लगदा) | तपकिरी, चिकट, चिखलासारखा | विटा जोडायचा गारा |
| कार्पास (हिरवी भाजी) | हिरवी, ताजी | वसंत ऋतू. सुटका याच ऋतूत झाली |
| मिठाचं पाणी (ताटाबाहेर, वाटीत) | खारट | गुलामांचे अश्रू |
| झेरोआ (भाजलेलं हाड) | खात नाहीत, फक्त पाहतात | दहाव्या संकटाच्या रात्रीचं कोकरू |
| मात्सा म्हणजे बिनखमिराची भाकर (ताटाबाहेर, तीन, झाकलेल्या) | चपटी, कडक, न फुगलेली | घाईने निघालेली माणसं |
| बेत्सा (भाजलेलं अंडं) | कवच भाजून डागाळलेलं | जेरुसलेमच्या मंदिरातलं सणाचं अर्पण |

3. एक ओळ सगळ्यांनी मिळून भरा

त्यासाठी हारोसेत घ्या. सोललेलं एक सफरचंद बारीक चिरा. त्यात पाव वाटी कुटलेले अक्रोड, अर्धा चमचा दालचिनी पूड आणि दोन चमचे द्राक्षाचा रस घालून कालवा. ही युरोपी ज्यूंची पद्धत. बेने इस्राएल घरांत ते खजुराचं करतात. वर्गात कुणाला अक्रोडासारख्या सुक्यामेव्याची ॲलर्जी असेल तर अक्रोडाऐवजी खजूर घाला. लगदा ओला राहिला तर गाऱ्यासारखा दिसत नाही, म्हणून रस एकदम ओतू नका.

आता विचारा, ‘हे कशासारखं दिसतं?’ कुणीतरी ‘चिखल’ म्हणेल. तो शब्द मधल्या रकान्यात लिहा. मग ‘गोष्टीत चिखल कुणाच्या हातात होता?’ असं विचारलं की तिसरा रकाना मुलं स्वतः भरतात. गारा गोड कसा, हा प्रश्न येणारच. सेदेरमध्ये कडू मारोर हारोसेतमध्ये बुडवून खातात, म्हणजे कडू आणि गोड एकाच घासात येतं, एवढं सांगून पुढे जा.

4. जिथे तक्ता हमखास चुकतो

कार्पास म्हणून थंड प्रदेशातल्या घरांत उकडलेला बटाटाही ठेवतात, कारण तिथे त्या दिवसांत हिरवा पाला मिळत नसे. तो चालतो, पण वर्गात बटाटा ठेवलात तर ‘हिरवी’ हा धागा तुटतो. पार्सली किंवा सेलरी घ्या. मिठाचं पाणी कपाला एक चमचा मीठ या प्रमाणात करा, म्हणजे खारट लागतं पण तोंड वाकडं होत नाही.

मारोरसाठी कारलं आणायचा मोह होईल. कारलं त्या परंपरेतलं नाही. रोमेन लेट्यूसचा देठाकडचा भाग घ्या, तो थोडा कडवट असतो आणि मुलांना चालतो. हॉर्सरॅडिश हे तिखट मूळ चाखायला देऊ नका, ते नाकात जातं.

झेरोआ म्हणून कोकराचं हाड किंवा कोंबडीची मान भाजून ठेवतात. शाकाहारी ज्यू घरांत भाजलेलं बीट ठेवतात, आणि त्याला तालमुद या जुन्या ज्यू धर्मग्रंथातल्या उल्लेखाचा आधार आहे. हाडाचं अवघड वाटत असेल तर बीट ठेवा; त्याचा लाल रंग चौकटीवरच्या रक्ताची आठवण देतो.

मग अंडं. मुलं ‘अंडं गोष्टीत कुठे आलं?’ म्हणून विचारतात आणि मोठी माणसं उत्तर बनवून देतात. ते सुटकेच्या गोष्टीत येतच नाही. पुढे जेरुसलेमला मंदिर उभं राहिलं, तिथे सणाला अर्पण करत, त्याची ती खूण. म्हणून ही ओळ शेवटी ठेवा आणि वेगळ्या रंगाने आखा.

5. मात्साची ओळ सावकाश भरा

‘आमची पोळीही यीस्ट न घालताच करतात, मग ती मात्सा का नाही?’ हा प्रश्न मराठी मुलं विचारतातच. उत्तर वेळेत आहे. पिठात पाणी पडल्यापासून 18 मिनिटांच्या आत मात्सा भाजायला जावी लागते, आणि तोवर हात थांबवायचा नाही. नुसती ठेवलेली कणीक आंबायला लागते असं धरतात, आणि आपण तर कणीक मुद्दाम मुरत ठेवतो. मात्सा फुगू नये म्हणून तिला भोकंही पाडतात. मुलांना ती मोजायला आवडतात.

या ओळीत काही मुलं ‘घाई’ लिहितील, काही ‘गरिबांची भाकर’. दोन्ही बरोबर धरा. हग्गादा सुरुवातीला मात्साला कष्टाची भाकर म्हणते आणि नंतर तीच मात्सा निघण्याच्या घाईची म्हणून दाखवते.