लोड सेलच्या चार तारा: काट्याच्या कामावर नव्याने येणाऱ्यांसाठी

डिप्लोमाला व्हीटस्टोन ब्रिजचा प्रयोग सगळ्यांनीच केलेला असतो. रेझिस्टन्स बॉक्सच्या खुंट्या काढायच्या-घालायच्या, गॅल्व्हानोमीटरची सुई मध्यावर आणायची आणि अज्ञात रेझिस्टन्स जर्नलमध्ये उतरवायचा. मग मुलं काट्यांच्या दुरुस्तीला येतात, लोड सेल हातात घेतात, आणि आत तोच ब्रिज आहे हे त्यांच्या लक्षातच येत नाही. कारण इथे सुई मध्यावर कुणी आणत नाही. मुद्दाम बिघडू दिलेलं संतुलन किती बिघडलं, एवढंच वाचायचं असतं.

सोलापुरात या कामाला तोटा नाही. उसाच्या ट्रकचे काटे, मार्केट यार्डातले कांद्याच्या पिशव्यांचे काटे, टॉवेलवाल्यांकडचे सुताचे काटे, सगळीकडे खाली लोड सेलच. कांद्याच्या काट्यातला १०० किलोचा अॅल्युमिनियमचा सेल घेऊ, म्हणजे आकडे सोपे जातील.

त्या ठोकळ्यावर चार स्ट्रेन गेज चिकटवलेले असतात. गेज म्हणजे पातळ फिल्मवर नागमोडी काढलेली, बहुधा कॉन्स्टंटन या मिश्रधातूची बारीक रेघ. तिचा रेझिस्टन्स ३५० ओहम. ठोकळा वाकला की दोन गेज ताणले जातात आणि दोन दाबले जातात. पूर्ण १०० किलोला धातू हजारात एक भाग ताणला जातो, म्हणजे मीटरमागे एक मिलिमीटर. गेज फॅक्टर साधारण २ असतो, म्हणून रेझिस्टन्स हजारात दोन भागांनी बदलतो: ३५० चा ३५०.७. म्हणजे पूर्ण भाराला बदल ०.७ ओहम, आणि १० ग्रॅमला ०.००००७ ओहम. आपल्या मल्टीमीटरचे प्रोब जरा दाबून धरले तरी याहून जास्त फरक पडतो. ३५० हा भलामोठा आकडा मोजून त्यातून हा फरक शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. तो ३५० आधी वजाच झाला पाहिजे, आणि ती वजाबाकी ब्रिज करतो.

कशी, ते पाहा. पाच व्होल्टच्या सप्लायवर दोन-दोन गेजच्या दोन जोड्या शेजारी-शेजारी लावल्या आहेत. काटा रिकामा असताना दोन्ही जोड्यांच्या मध्यबिंदूंवर २.५ व्होल्ट, म्हणजे त्या दोन बिंदूंमधला फरक शून्य. आता १०० किलो ठेवा. पहिल्या जोडीत वरचा गेज दाबला जाऊन ३४९.३ होतो आणि खालचा ताणला जाऊन ३५०.७. तिचा मध्यबिंदू २.५०५ वर जातो. दुसऱ्या जोडीत मांडणी उलटी, त्यामुळे तिचा मध्यबिंदू २.४९५ वर उतरतो. फरक १० मिलिव्होल्ट. सेलच्या लेबलवर '2 mV/V' लिहिलेलं असतं ते हेच: पूर्ण भाराला, सप्लायच्या प्रत्येक व्होल्टमागे २ मिलिव्होल्ट. एकच गेज आणि तीन साधे रेझिस्टर लावले असते तर याच्या चौथाई, सुमारे अडीच मिलिव्होल्ट मिळाले असते.

१० मिलिव्होल्ट कमी वाटतात, पण ते शून्यापासून सुरू होतात आणि सगळी गंमत तिथेच आहे. पायथ्याशी काही नसल्यामुळे बेधडक मोठे करता येतात. प्रोजेक्टमध्ये तुम्ही वापरलेला HX711 पाच व्होल्टवर १२८ पट गेनला उणे ते अधिक २० मिलिव्होल्ट वाचतो. तो अशाच सेलसाठी बनवलेला आहे.

चारही गेज एकाच ठोकळ्यावर असण्याचा फायदा इथल्या उन्हाळ्यात कळतो. सकाळी २५ अंशांवर असलेला काटा दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ४२ ला पोचतो. अॅल्युमिनियम अंशामागे दहा लाखांत २३ भाग प्रसरण पावतं, म्हणजे १७ अंशांत जवळजवळ ३९०. पूर्ण भाराचा ताण १००० असताना हे काही थोडं नाही. गेजही तापून प्रसरण पावतो, त्यामुळे हे सगळंच्या सगळं रेझिस्टन्समध्ये उतरत नाही. पण जे उतरतं ते चौघांत सारखं उतरतं. चारही गेज ३५० चे ३५०.२ झाले तरी दोन्ही मध्यबिंदू २.५ वरच. मात्र काट्याच्या एकाच बाजूवर ऊन येत असेल तर ही बरोबरी मोडते आणि झीरो सरकत राहतो. अशा काट्याला आधी सावलीत घ्या, सेल नंतर बघा.

आता एक नमुना. एका आडत्याचा काटा: झीरो बरोबर, पण ५० किलोचं वजन ४९.७५ दाखवतोय. अशा वेळी लगेच कॅलिब्रेशनला हात घालू नका. आधी अर्धं वजन ठेवून बघा. २५ किलोलाही पाव किलोच कमी आलं तर दोष झीरोचा. इथे २५ ला साधारण १२५ ग्रॅम कमी आले, म्हणजे चूक वजनाच्या प्रमाणात आहे. ब्रिज बरोबर वजाबाकी करतोय, पण त्याला मिळणारा सप्लायच कमी आहे.

केबल उंदरांनी कुरतडलेली होती आणि कुणीतरी तारा नुसत्या पिळून, वर टेप गुंडाळून जोडल्या होत्या. लाल तारेच्या जोडावर गंज चढून दोन ओहम वाढले होते. सेलचा इनपुट रेझिस्टन्स ४०० ओहम, म्हणजे पाच व्होल्टचे ४०२ मध्ये ४०० भागच ब्रिजपर्यंत पोचले. अर्धा टक्का गेला, ५० किलोला २५० ग्रॅम. हाच गंज हिरव्या किंवा पांढऱ्या तारेवर असता तर वजनात फरक दिसला नसता, कारण सिग्नलच्या तारांतून इंडिकेटर करंट जवळजवळ घेतच नाही. रिकामा काटा शून्य दाखवतो, म्हणून असा दोष महिनोन्महिने कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि नुकसान पिशवीमागे शेतकऱ्याचं.

गेजच तुटलाय अशी शंका आली तर केबल इंडिकेटरपासून सोडवा आणि तारा दोन-दोन करून ओहममध्ये मोजा. लाल-काळी सप्लाय आणि हिरवी-पांढरी सिग्नल ही नेहमीची रीत, पण रंग कंपनीगणिक बदलतात, लेबल वाचा. ३५० च्या ब्रिजमध्ये हिरवी-पांढरी ३५० च्या आसपास यावी. लाल-काळीत बऱ्याचदा भरपाईचे रेझिस्टर टाकलेले असतात, त्यामुळे ती ३८० ते ४१० आली तर घाबरू नका. लाल-हिरवी आणि लाल-पांढरी एकमेकींइतक्या हव्यात, काळी-हिरवी आणि काळी-पांढरीही. एक गेज तुटला की त्याच्या दोन टोकांमधला आकडा एकदम हजाराच्या वर जातो, कारण करंट उरलेल्या तिघांतून वळसा घालून जातो, आणि हिरवी-पांढरी ७०० होते. एखादी तार बाकी तिन्हींशी OL दाखवत असेल तर गेज ठीक आहे, केबल तुटली आहे.

इन्सुलेशन तपासायला ५०० व्होल्टचा मेगर लावू नका. ठोकळा आणि गेज यांच्यात ती पातळ फिल्मच काय ती असते. कमी व्होल्टेजचा टेस्टर घ्या. हजारो मेगाओहमच्या जागी दोन-चारच मेगाओहम आले तर आत ओल शिरली आहे. काट्याच्या फ्रेमला वेल्डिंग करायचं असेल तर सेल आधी बाहेर काढा.

त्या आडत्याच्या काट्याला नवी केबल न जोडता सेलच बदलला. चार तारांच्या सेलचं कॅलिब्रेशन त्याच्या मूळ केबलच्या रेझिस्टन्ससकट झालेलं असतं, म्हणून ती कापणं किंवा वाढवणं टाळावं. लांब केबल लागते तिथे सहा तारांचा सेल घ्या. त्यातल्या दोन जादा सेन्स तारा ब्रिजपाशी खरोखर किती व्होल्ट पोचले ते इंडिकेटरला कळवतात आणि तो हिशेब त्यावरून करतो. सील तोडून केलेल्या कामानंतर वैधमापन शास्त्र विभागाकडून पडताळणी आणि मुद्रांकन झाल्याशिवाय काटा पुन्हा व्यापाराला लावता येत नाही. ते गिऱ्हाइकाला सील तोडण्याआधीच सांगून ठेवा.