कटिंगमध्ये सेट किती ताणायचा? आरआयआरच्या या चुका टाळा

आरआयआर म्हणजे सेट थांबवला तेव्हा, फॉर्म न बिघडवता अजून किती रेप निघाले असते तो आकडा. आठ रेप मारून बार रॅकवर ठेवला आणि अजून दोन नक्की निघाले असते, तर आरआयआर 2. फेल्युअर म्हणजे शून्य. पोटभर खात असताना हा अंदाज एखाद्या रेपने चुकला तरी निभावून जातं. कटिंगमध्ये, म्हणजे चरबी उतरवायला कॅलरी कमी केल्या की रिकव्हरी आखडते, आणि मग तीच चूक पुढच्या वर्कआउटमध्ये वसूल होते.

जळजळीला फेल्युअर समजणे

पंधरा-वीस रेपच्या सेटमध्ये स्नायू पेटतो, दम लागतो आणि माणूस 'संपलं' म्हणून थांबतो. प्रत्यक्षात चार-पाच रेप शिल्लक असतात. नवख्यांचा अंदाज बहुतेक याच बाजूला चुकतो. त्यात पोटात भूक असली की सगळंच जड वाटतं. खरी खूण वेगात असते: पूर्ण जोर लावूनही रेप आपोआप संथ व्हायला लागला, की फेल्युअर जवळ आलं. शेवटचा रेप पहिल्याइतक्याच झपाट्याने वर गेला असेल, तर वहीत '2' लिहू नका.

अंदाज तपासायची सोपी रीत आहे. लेग एक्स्टेन्शनसारख्या मशीनवर शेवटच्या सेटला, जिथे थांबणार होतात तिथे मनात आकडा धरा आणि मग खरोखर फेल्युअरपर्यंत जा. 2 म्हणालात आणि 5 निघाले, तर तुमचं '2' म्हणजे 5 आहे. दोन-तीन आठवड्यांतून एकदा एवढं पुरे. ही परीक्षा बेंच प्रेस किंवा स्क्वॉटवर एकट्याने घेऊ नका.

वजन-रेप धरून ठेवणे, आरआयआर सोडून देणे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, कारण वहीत ती दिसतच नाही. समजा, रोजच्या गरजेपेक्षा 400 कॅलरी कमी खाणारा कुणी बेंच प्रेसला 60 किलोवर 8 रेपचे तीन सेट मारतो. सुरुवातीला त्याचा आरआयआर 3, 2, 1 असा उतरत जायचा. चौथ्या आठवड्यात पहिल्या सेटला 1 उरतो, दुसऱ्याला शून्य, आणि तिसरा पाचव्या रेपनंतर अडकतो. एकूण रेप 21. वहीत पहिले दोन सेट जसेच्या तसे दिसतात, म्हणून तो पुढच्या वेळी आणखी जोर लावतो.

त्याने आरआयआर 2 च्या आसपास धरून थांबायचं ठरवलं तर सेट साधारण 7, 7, 6 असे पडतील. एकूण 20. म्हणजे गेला फक्त एक रेप, आणि त्या बदल्यात दोन सेट फेल्युअरला टेकले नाहीत. तीन दिवसांनी त्याच 60 किलोखाली झोपायचं आहे, तेव्हा हा फरक कळतो. कटिंगमध्ये आरआयआर ठरलेला असावा आणि रेप त्या दिवशी जेवढे निघतील तेवढे.

एखादा दिवस असा गेला तर काही बदलू नका. एकादशीला दिवसभर साबुदाणा खिचडीवर काढून संध्याकाळी स्क्वॉट केला तर रेप कमी निघू शकतात; त्यावरून स्नायू गेले असं ठरत नाही. सलग दोन आठवडे रेप घसरत असतील तर मात्र आधी सेटमधली विश्रांती घड्याळ लावून पाहा. बेंच, स्क्वॉटला 2 ते 3 मिनिटं हवीतच. मग झोप, आणि वजन उतरण्याचा वेग. 80 किलोच्या माणसाचं वजन दर आठवड्याला 800 ग्रॅमपेक्षा जास्त उतरत असेल, तर थोडं जेवण वाढवणंच बरं. हे सगळं ठीक असेल तर तीनचे दोन सेट करा, पण बारवरचं वजन शक्यतो राहू द्या.

सगळ्या व्यायामांना एकच आकडा

स्क्वॉट, डेडलिफ्टला 2 ते 3 शिल्लक ठेवा. तिथे थकल्यावर कंबर आधी वाकते आणि थकवा दिवसभर अंगात राहतो. बेंच, रोईंगला 1 ते 2. बायसेप्स कर्ल, लॅटरल रेझ, लेग कर्लला शेवटच्या सेटला शून्यावर गेलात तरी फारसं बिघडत नाही. बरेच जण नेमकं उलट करतात: स्क्वॉटवर जीव काढतात आणि कर्ल गप्पा मारत उरकतात.

'कटिंग आहे, हलकं वजन, जास्त रेप'

चरबी जेवणाच्या हिशेबाने उतरते; वीस-पंचवीस रेपनी त्या जागी जास्त जळत नाही. स्नायू टिकवायला, ज्या ताणाने ते कमावले तोच ताण लागतो. 60 किलोवरून थेट 40 वर येऊन आठ रेपवर थांबलात तर आरआयआर 10 च्याही बराच वर जातो, आणि तो सेट वॉर्मअपपलीकडे फारसा मोजता येत नाही. वजन उतरवायचंच असेल तर 57.5 करा, म्हणजे बारच्या दोन्ही बाजूंनी सव्वा-सव्वा किलो कमी. एवढ्याने आरआयआर पुन्हा 2 वर येतो का, ते पहिल्याच सेटला कळेल.